घटावरचा नारळ आणि रात्री सव्वादोनचे नामदेव

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या शीख घरात गुरपुरबाच्या दिवसांत मराठी माणूस पहिल्यांदा पाऊल टाकतो, तेव्हा त्याची नजर आधी नारळावर जाते. खोली रिकामी करून धुतलेली असते, वर चांदोवा बांधलेला असतो, मधोमध मंजीवर रुमालात ठेवलेला गुरू ग्रंथसाहिब असतो, मागे एकजण चवरी ढाळत असतो. हे सगळे त्याला नवे. पण ग्रंथाच्या जवळच पाण्याने भरलेला घट असतो, त्यावर कापड आणि कापडावर नारळ, शेजारी तुपाची ज्योत. हे मात्र त्याला ओळखीचे वाटते. घटस्थापनेपासून सत्यनारायणापर्यंत हेच तर आपण मांडत आलो. तो सुखावतो आणि म्हणतो, "बघा, तीनशे वर्षे आपल्यात राहिले, आपल्यासारखेच झाले."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याच्या मागे लागायचे मी ठरवले. गंमत म्हणजे हेच वाक्य पंजाबातून आलेले शीख पाहुणेही म्हणतात. फक्त त्यांच्या बोलण्यात सुखावणे नसते, तक्रार असते. दक्षिणेत राहून तुम्ही हिंदूंचे रिवाज उचललेत, असा त्या तक्रारीचा सूर. एकाला अभिमान आणि दुसऱ्याला खंत, पण इतिहास दोघांनीही तोच गृहीत धरलेला आहे. तो तपासून पाहिला तर काय उरते, ते या लेखात सांगतो.

मी गंगापूरचा. आमच्या तालुक्यातच वाळूज येते, आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीमुळे देशभरची माणसे आमची शेजारी झाली. त्यांत एक मूळ नांदेडचे दखनी शीख कुटुंब आहे. नाव मुद्दामच देत नाही. घरातल्या आजी दखनी हिंदी बोलतात, मुलगा कंपनीत पाळीवर जातो, नातवंडे मराठी शाळेत. कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे गुरू नानकांच्या गुरपुरबाला, त्यांच्याकडे अखंड पाठ असतो. काही वर्षे मी तिथे वही घेऊन बसलो आहे.

दखनी शीख म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला आले आणि त्याच वर्षी तिथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याबरोबरची काही माणसे इथेच राहिली. पुढे 1830 नंतरच्या दशकात महाराजा रणजितसिंगांनी नांदेडचा गुरुद्वारा बांधून घेतला आणि त्याच काळात पंजाबातून शीख सैनिकांची एक तुकडी निजामाच्या चाकरीसाठी आली. तिला लाहोरी फौज म्हणत. या दोन्ही प्रवाहांतून मराठवाडा आणि तेलंगणातले दखनी शीख झाले. संभाजीनगरशी शिखांचा संबंध याहूनही थोडा जुना आहे. गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला लिहिलेले फारसी पत्र, जफरनामा, घेऊन भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग दख्खनमध्ये आले ते औरंगाबादला. शहरात भाई दयासिंगांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. बादशहाचा अखेरचा मुक्काम अहमदनगरला होता, आणि या दोन शहरांना जोडणारा रस्ता आजही आमच्या तालुक्यातल्या कायगावपाशी गोदावरी ओलांडतो. या दयासिंगांचे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहेत.

आता नारळाकडे. अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने 1945 मध्ये शीख रहत मर्यादा मंजूर केली. शिखांनी घरात आणि गुरुद्वारात कसे वागावे याची ही संहिता. तिच्यातल्या अखंड पाठाच्या भागात स्पष्ट म्हटले आहे, की पाठाच्या वेळी कुंभ, ज्योत, नारळ ठेवणे गुरुमताला धरून नाही. म्हणजे वाळूजच्या त्या खोलीत जे जे मांडलेले असते, नेमके त्याच्यावरच बोट ठेवलेले आहे. नांदेडच्या तख्ताने मात्र आपली जुनी रीत सोडली नाही, आणि दखनी घरे नांदेडकडे बघतात. पंजाबातल्या पाहुण्याचा आक्षेप येतो तो इथून.

पण एखादी गोष्ट मना करावी लागते, याचाच अर्थ ती चालू असते. 1945 ची संहिता दख्खनसाठी लिहिली गेली नव्हती; ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पंजाब होता. तिथे हा रिवाज होता म्हणूनच त्याचा उल्लेख आला. आणि तो तिथे आजही आहे. पंजाबातली दमदमी टकसाल ही ग्रंथपठणाची परंपरा सांगणारी मोठी संस्था आणि निहंगांची दले पाठाजवळ कुंभ, ज्योत, नारळ ठेवतात. ज्यांनी गोदावरी कधी पाहिली नाही, त्या माणसांनी हा नारळ मराठी शेजाऱ्याकडून घेतला असे म्हणता येणार नाही. मराठवाड्यातल्या शिखांनी तो इथे उचलला नाही. येताना बरोबर आणला आणि उत्तरेत नवी शिस्त लागू झाल्यावरही ठेवला. सोडचिठ्ठी दिली ती तिकडच्या बऱ्याच जणांनी.

याला एक जुना धागा आहे. जींद परगण्यातल्या तलौंडा इथल्या भाटांच्या वहीत नांदेडच्या शेवटच्या दिवसांची नोंद आहे. संवत 1765, कार्तिक शुद्ध चतुर्थी, बुधवार. त्या दिवशी गुरूंनी भाई दयासिंगांना ग्रंथसाहिब आणायला सांगितले आणि त्यापुढे पाच पैसे व एक नारळ ठेवून मस्तक टेकले, अशी ती नोंद. यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, हे ज्या कृतीने ठरले तिच्यात नारळ आहे. तारीख जुळवून पाहिली तर त्या काळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे 6 ऑक्टोबर 1708 येते, आणि वार बुधवारच निघतो. गुरुगादी सोपवताना पाच पैसे आणि नारळ पुढे ठेवण्याची रीत शीख परंपरेत त्याआधीपासून सांगितली जाते.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गादीपुढचा नारळ आणि घटावरचा नारळ एक नव्हेत. पहिला वारसा सोपवण्याची खूण आहे, दुसरा पाठाच्या सोबतीला ठेवलेला. पहिल्यावरून दुसरा निघाला असे मी म्हणत नाही. म्हणायचे इतकेच, की शीख घरात नारळ दिसला म्हणजे तो आपल्या देवघरातून गेला, हा तर्क टिकत नाही. उत्तर हिंदुस्थानात नारळ उगवत नाही. पण मानाची वस्तू म्हणून तो तिकडे शतकानुशतके जात आला आहे.

मग खरोखर इथले, मराठी असे त्या घरात काही आहे का? आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. त्याआधी तिथीविषयी दोन शब्द सांगतो, कारण पाठाचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे.

गुरपुरब म्हणजे गुरूंचे पर्व, जन्माचे, गादीवर येण्याचे किंवा देह ठेवण्याचे. गुरू नानकांचा जन्म जुन्या जन्मसाख्यांपैकी काहींत वैशाखात दिला आहे, पण साजरा होतो तो कार्तिक पौर्णिमेला. ती प्रथा इतकी रुळलेली आहे, की 2003 मध्ये अमृतसरहून सौर नानकशाही पंचांग लागू झाले आणि इतर गुरपुरबे ठरावीक तारखांवर गेली, तेव्हाही ही पौर्णिमा तिथीवरच ठेवावी लागली. नांदेड आणि पाटणा या दोन तख्तांनी ते पंचांग स्वीकारलेच नाही. तिथीने चालण्याचा एक चमत्कारिक परिणाम सगळ्यांनी अनुभवला आहे. गुरू गोविंदसिंगांचे प्रकाशपर्व पौष शुद्ध सप्तमीला येते. 2017 मध्ये ते 5 जानेवारीला आले आणि पुन्हा 25 डिसेंबरला आले. 2018 हे वर्ष मात्र कोरडे गेले. अधिक महिन्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

कार्तिकात गावोगावच्या देवळांत पहाटे काकडा चालू असतो, तो कोजागरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत. त्याच दिवसांत शिखांची प्रभातफेरी निघते. सूर्योदयाआधी पाच-पन्नास माणसे ढोलकी, चिमटा घेऊन शबद म्हणत गल्ल्यांतून जातात. पर्वाच्या सुमारास मोठे नगरकीर्तन. पुढे पंज प्यारे, म्हणजे भगव्या किंवा निळ्या वेषातले पाचजण, मागे सजवलेल्या वाहनात ग्रंथसाहिब, त्यापुढचा रस्ता झाडून पाणी शिंपडणारे सेवेकरी. नांदेडच्या मिरवणुकीत तख्ताचे घोडेही असतात, आणि घोड्यांवर कुणी बसत नाही, कारण ते गुरूंचे. दिवाळीत तिथे गोदावरीच्या पाण्याने तख्ताला स्नान घालतात, म्हणजे नांदेडचा सणांचा हंगाम आपल्या दिवाळीपासूनच सुरू झालेला असतो. वाळूजमध्ये घोडे नाहीत. तिथली माणसे नगरकीर्तनाला शहरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. घरात मात्र पाठ चालूच असतो. तो थांबत नाही, हाच त्याचा नियम.

अखंड पाठ म्हणजे गुरू ग्रंथसाहिब पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न थांबता वाचणे, साधारण अठ्ठेचाळीस तासांत. समाप्तीला भोग म्हणतात, आणि भोग पर्वाच्या दिवशी पडावा म्हणून सुरुवात दोन दिवस आधी. पाठी दर दोन तासांनी बदलतो. चोवीस पाळ्या होतात. पाच पाठी असतील तर एकेकाला चार-पाच पाळ्या येतात. बदलाचा क्षण पाहण्यासारखा असतो. नवा पाठी अंघोळ करून येतो, आधीच्याच्या शेजारी बसतो, ओळीवर नजर लावतो आणि दोघे काही शब्द एकत्र म्हणतात. मग पहिला हळूच बाजूला सरकतो. आवाज बदलतो, वाचन तुटत नाही.

सुरुवातीला आणि भोगाला कडाह प्रसाद होतो. त्याचे प्रमाण सोपे आणि कडक आहे. गव्हाचे पीठ, साखर आणि तूप तिन्ही समान, वजनाने. पाणी साधारण चौपट. दोन किलोचा प्रसाद म्हणजे दोन किलो जाडसर कणीक, दोन किलो साखर, दोन किलो साजूक तूप आणि आठ लिटर पाणी. आटून बारा किलोंच्या आसपास उतरतो, आणि माणशी पन्नास-साठ ग्रॅम धरले तर दोनशे जणांना पुरतो. आपल्याकडचा सत्यनारायणाचा शिराही सव्वाच्या सारख्या मापांनीच होतो. तरी नारळाचा धडा घेतल्यावर या सारखेपणावरून मी काही काढायला जात नाही. सारखे माप लक्षात ठेवायला सोपे असते, हे कारण दोन्हीकडे पुरेसे आहे.

करण्याची रीत मात्र वेगळी. एका पातेल्यात साखर-पाणी उकळत ठेवायचे. पाक करायचा नाही, तार येऊ द्यायची नाही. लोखंडी कढईत सगळे तूप एकदम घालून वितळवायचे, त्यात सगळी कणीक, आणि लांब दांड्याच्या उलथण्याने न थांबता परतायचे. हात फिरवणारा तोंडाने पाठ म्हणत असतो. आधी कणीक तूप पिऊन गोळा होते. घाबरून आणखी तूप घालण्याची चूक नवखे इथेच करतात. धीर धरला तर कणीक भाजत जाते तसे तेच तूप सुटायला लागते, मिश्रण सैल होते, बदामी रंगावर येते आणि खमंग वास अंगणात पोचतो. याच वेळी उकळते साखरपाणी ओतायचे. ते उकळतेच हवे. कोमट पडले तर गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. ओतताना कढई एकदम उसळते, म्हणून एकाने ओतायचे आणि दुसऱ्याने लांब उभे राहून ढवळायचे. पाणी शोषले गेले, प्रसाद कढईच्या कडा सोडू लागला आणि कडेला तुपाची चमक आली, की उतरवायचा. कणीक कच्ची राहिली तर प्रसाद टाळूला चिकटतो, जास्त भाजली तर कडवट लागतो. आजी चव घेत नाहीत, कारण अरदासीआधी तोंडात घालायचा नसतो. त्या रंगावरून आणि उलथणे किती जड लागते त्यावरून सांगतात. एकदा त्यांनी मला म्हटले, "भाऊ, कढई हाताशी बोलती, जिभेशी नाही."

शीख विद्वान भाई गुरदासांनी या प्रसादाला पंचामृत म्हटले आहे, आणि त्यांचे पाच घटक साखर, तूप, पीठ, पाणी आणि अग्नी. आपल्या पंचामृतात अग्नी नाही. ते कच्चेच असते. कढईपुढे तास घालवलेल्या माणसाला अग्नीला घटक मानण्याचे मर्म चटकन कळते.

कढई पांढऱ्या कापडाने झाकून ग्रंथापुढे आणतात. आनंद साहिबच्या पौड्या, अरदास, मग कृपाण प्रसादाला लावतात. पहिले पाच वाटे पंज प्यारे म्हणून काढले जातात, एक वाटा ग्रंथाशी बसलेल्याचा, आणि मग पंगतीत सगळ्यांना सारखा. ओंजळ पुढे करून बसूनच घ्यायचा. मालकाला जास्त, पाव्हण्याला थोडा, असे होत नाही. वाळूजला शेजारच्या चाळीतली बिहारी मुले, समोरचा किराणावाला, कंपनीतले सहकारी असे सगळे एकाच ओळीत बसलेले मी पाहिले आहेत. प्रसाद वाटणारा नातू डावा-उजवा न बघता मूठ भरत जातो.

आता ते दिसत नसलेले मराठी. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. 2015 मध्ये घुमानला साहित्य संमेलन झाले तेव्हा ते पुन्हा सर्वांना सांगून झाले. त्याशिवाय त्रिलोचनांची चार पदे आहेत आणि परमानंदांचे एक. या दोघांनाही परंपरा बार्शीच्या बाजूचे मानते. पण ही पदे ग्रंथात एका ठिकाणी नाहीत. ग्रंथाची रचना रागांवर आहे; प्रत्येक रागात आधी गुरूंची वाणी आणि शेवटी भक्तांची. त्यामुळे नामदेव अठरा रागांत विखुरले आहेत. प्रश्न मला साधा पडला. अखंड पाठ चालू असताना नामदेव किती वाजता येतात?

छापील ग्रंथामुळे हे काढता येते. जुन्या हस्तलिखित बिडांची पाने कमी-जास्त असत. छपाईत ती 1430 वर स्थिर झाली आणि कुठल्याही घरात तोच शब्द त्याच पानावर येऊ लागला. पानाला शीख अंग म्हणतात. अठ्ठेचाळीस तासांची 2880 मिनिटे, म्हणजे एका अंगाला दोन मिनिटांहून किंचित जास्त. वाळूजला पाठ त्रयोदशीच्या सकाळी दहाला सुरू होई. नामदेव पहिल्यांदा येतात गउडी रागात, 345 व्या अंगावर. गणिताने रात्री साडेनऊ. आसा रागात 485 व्या अंगावर, रात्री सव्वादोन. गोंड रागातली पदे 873 पासून, दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या पुढे. भैरउ रागात 1163 पासून, दुसऱ्या रात्री एक वाजता. प्रभातीत 1350 ला, भोगाच्या सकाळी सव्वासात.

गणित आणि घड्याळ तंतोतंत जुळत नाही. पहिल्या वर्षी मी रात्री जागलो तेव्हा 485 वे अंग सव्वादोनला नव्हे, तीनला वीस मिनिटे असताना आले. पाठी सावकाश वाचणारे होते, आणि पुढच्या पाठ्यांनी दिवसा तो वेळ भरून काढला. खोलीत पाठी, चवरीवाला आणि मी. ज्योत संथ. आसा रागातल्या त्या पदात विठ्ठलाचे नाव येते, ग्रंथाच्या उच्चारात बीठलु, पुन्हा पुन्हा. पाठी पंजाबातले होते. त्यांनी त्या शब्दावर आवाज जरा खाली आणला, कारण पद संपत आले होते. पुढच्या खोलीत सगळे झोपले होते. दिवसभर स्वयंपाक, पाठ्यांच्या अंघोळी, चहा, पाहुणे सांभाळून त्यांनी झोपायचे नाही तर काय करायचे.

यातली गोम तेव्हा माझ्या लक्षात आली. मध्यरात्रीच्या वेळा म्हणजे नेमकी सर्वांत निवांत आणि सर्वांत रिकामी खोली. भैरउ रागातली पदेही दुसऱ्या रात्री एकला येतात, आणि ती तर नामदेवांच्या चरित्राची पदे. मेलेली गाय उठवण्याचा सुलतानाचा हट्ट त्यांत आहे, आणि देऊळ फिरल्याची कथाही. आपल्या परंपरेत ते देऊळ औंढा नागनाथचे, म्हणजे नामदेवांच्या नरसीपासून फार लांब नाही आणि नांदेडपासूनही नाही. पदात गावाचे नाव नाही. पण मराठवाड्यात बसून ते ऐकणाऱ्याला नावाची गरज लागत नाही. ऐकणारा जागा हवा, एवढेच.

1945 च्या ज्या संहितेने नारळ काढायला सांगितला, तिचेच याविषयी म्हणणे असे, की पाठ घरच्यांनी स्वतः वाचावा, नाही जमले तर बसून ऐकावा. पाठ चालू आणि ऐकणारा कुणी नाही, हे योग्य नव्हे. घाईने, शब्द न कळतील असे वाचणे हाही अनादर. म्हणजे नारळावरून दोन्ही बाजू इतकी वर्षे भांडत आल्या, आणि त्याच पानांतली ही ओळ कोणी फारशी काढत नाही. मला वाटते, ही ओळ नारळाहून अवघड आहे. नारळ काढून ठेवता येतो किंवा परत मांडता येतो. दोन रात्री जागणे तसे नाही. म्हणून हल्ली बरीच घरे सहज पाठ करतात. दीड-दोन महिने आधी सुरू करून रोज पंचवीस-तीस अंगे स्वतः वाचायची आणि भोग पर्वाच्या दिवशी घालायचा. त्यात नामदेव ज्या दिवशी येतील त्या दिवशी घर जागे असते. पण अखंड पाठाचा मान आणि गजबज त्यात नाही, आणि आजींचा जीव अखंडातच आहे.

मी माझा कागद त्यांच्या मुलाला दाखवला. त्याने पाळ्यांच्या हिशेबाची सवय असलेल्या माणसाप्रमाणे तो पाहिला आणि विचारले, "काका, सुरुवात संध्याकाळी सहाला केली तर?" बसून पुन्हा मांडले. गउडीतले नामदेव पहाटे साडेपाचला, आसातले सकाळी सव्वादहाला, गोंडातले रात्री सव्वाअकराला, भैरउमधले तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला. मोजून बघावे तर एकही मोठा गट ऐन मध्यरात्री येत नव्हता. अडचण भोगाची. तो सकाळी दहाऐवजी पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला पडणार, आणि पाहुण्यांना सकाळच्या भोगाची सवय. आजींनी ऐकून घेतले आणि इतकेच विचारले, की पौर्णिमा संध्याकाळी संपत तर नाही ना. पंचांग काढून पाहिले. त्या वर्षी संपत नव्हती.

पाठ सहाला सुरू झाला. घट, नारळ, ज्योत नेहमीच्या जागी होते. दुसऱ्या सकाळी दहाच्या सुमारास खोलीत सहा-सातजण बसले होते, त्यांत शाळेला दांडी मारलेला नातू. आसा राग संपत आला तशी आजींनी मला खूण केली. बीठलु आला तेव्हा नातवाने माझ्याकडे वळून हळूच विचारले, "हा आपला विठ्ठल का?" आजींनी त्याच्या मांडीवर चापट मारून गप्प बसवले, कारण पाठ चालू असताना बोलायचे नसते. भोगाच्या संध्याकाळी कंपनीची पाळी सुटली होती. दोन किलोचा प्रसाद कमी पडला, आणि आठ वाजता कढई दुसऱ्यांदा चुलीवर चढली.